आईची शाळा, मुलाची उंची आणि मधला दुवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची ताई घरी येते, तेव्हा आईला विचारायच्या अगदी सुरुवातीच्या प्रश्नांत एक साधा प्रश्न असतो: शाळा कितवीपर्यंत झाली? उत्तर एका आकड्यात नोंदलं जातं आणि ताई पुढे सरकते. लग्न, बाळंतपणं, लसी, खाणंपिणं, घरातला नळ, संडास. या सगळ्याखेरीज घरातलं लहान मूलही मोजायचं असतं. दोन वर्षांच्या आतलं असेल तर त्याला आडव्या फळीवर निजवतात. एकजण डोकं धरते, दुसरी गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते. मूल भोकाड पसरतं, आजी आतून ओरडते, आणि त्या गोंधळात सेंटिमीटरचा आकडा वाचून घ्यावा लागतो.

हे दोन आकडे, आईची इयत्ता आणि मुलाची उंची, एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2019 ते 2021 या काळात पार पाडलेल्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून अधिक घरांची माहिती गोळा झाली. शाळेत न गेलेल्या आयांच्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे 46 टक्के मुलांची वाढ खुंटलेली निघाली. बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या आयांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे 26 टक्के होतं.

आता आई सातवीत असताना भूगोलाच्या तासाला बसली म्हणून पंधरा वर्षांनी तिच्या मुलाची हाडं लांब होत नाहीत. मधे काहीतरी घडत असणार. ते ‘काहीतरी’ नेमकं काय, आणि आपण म्हणतो तेच आहे की नाही, हे सर्वेक्षणाच्या आकड्यांतून तपासून पाहण्याला संख्याशास्त्रात मध्यस्थ चलाची चाचणी म्हणतात. चल म्हणजे माणसागणिक बदलणारी कुठलीही नोंद: इयत्ता, उंची, उत्पन्न. दोन चलांच्या मधे उभं राहून एकाचा परिणाम दुसऱ्यापर्यंत पोचवणारं तिसरं चल म्हणजे मध्यस्थ. या लेखात त्याला मधला दुवा म्हणू.

आईच्या शिक्षणाबाबत या दुव्याचा शोध गाजला तो जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञामुळे. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या पाहण्यांवरून 1979 मध्ये त्यांनी लिहिलं की मुलं जगण्या-मरण्यात आईच्या शिक्षणाचा जो वाटा दिसतो, तो केवळ घरच्या सुबत्तेतून समजावता येत नाही. त्यांच्या मते शिकलेली बाई नशिबावर हवाला ठेवून बसत नाही, दवाखान्यात आपलं म्हणणं ऐकायला लावते आणि मुख्य म्हणजे घरातला तोल बदलते. मुलाला काय भरवायचं, डॉक्टरकडे कधी न्यायचं, यात सासूइतकंच तिच्या शब्दालाही वजन येतं. कुठल्याही मराठी घरातल्या सुनेला हे वाचून नवल वाटणार नाही. पण नवल न वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. काल्डवेल यांनी दुवे सुचवले होते. ते मोजून पाहायचं काम मागे उरलं होतं.

मोजायचं कसं, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, एका तालुक्यातल्या 800 आयांची पाहणी केली. प्रत्येकीचं मूल बरोबर तीन वर्षांचं आहे. तिच्या शिक्षणाची वर्षं विचारली, मुलाची उंची मोजली आणि मधला दुवा म्हणून तिला आरोग्याच्या माहितीचे दहा प्रश्न विचारले. जुलाब झाल्यावर पाणी बंद करायचं की वाढवायचं? वरचं अन्न कितव्या महिन्यापासून? गोवराची लस कधी? बरोबर उत्तराला एक गुण.

पहिली पायरी म्हणजे फक्त शिक्षण आणि उंची शेजारी ठेवून पाहणं. समजा असं दिसलं की आईच्या शिक्षणाच्या दर वर्षामागे मूल सरासरी 0.30 सेंटिमीटरनं उंच आहे. दुसऱ्या पायरीत शिक्षण आणि माहिती यांची गाठ पाहायची. दर वर्षामागे माहितीचे 0.40 गुण वाढतात, असं समजू.

तिसरी पायरी कळीची. इथे उंचीचा हिशेब शिक्षण आणि माहिती या दोघांना एकत्र घेऊन करायचा. म्हणजे काय? आधी सारख्याच शिकलेल्या आया एकमेकींशी ताडायच्या: दोघी सातवी पास, पण एकीला तीन उत्तरं आली, दुसरीला आठ. अशा तुलनेत माहितीच्या दर गुणामागे उंची 0.50 सेंटिमीटर वाढलेली दिसली. मग उलट बाजूनं, सारखीच माहिती असलेल्या पण कमीजास्त शिकलेल्या आया ताडायच्या. तिथे शिक्षणाच्या दर वर्षामागे फक्त 0.10 सेंटिमीटर उरलं. रिग्रेशन नावाचं तंत्र या दोन्ही तुलना एका झटक्यात करून देतं.

आता हिशेब जुळवू. शिक्षणाचं एक वर्ष माहितीचे 0.40 गुण देतं आणि प्रत्येक गुण अर्धा सेंटिमीटर देतो, 0.40 गुणिले 0.50 म्हणजे 0.20. एकूण 0.30 पैकी 0.20 सेंटिमीटर माहितीच्या वाटेनं आले, 0.10 दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं. एक आई दहा वर्षं शिकलेली आणि दुसरी अजिबात न शिकलेली असेल, तर त्यांच्या मुलांच्या उंचीत सरासरी तीन सेंटिमीटरचा फरक. त्यातले दोन माहितीच्या खात्यावर.

गुणाकार करून आलेला 0.20 आणि वजाबाकीतून आलेला 0.20 (0.30 वजा 0.10) तंतोतंत सारखे आले, हा योगायोग नाही. अशा सरळ रेषेच्या हिशेबात ते सारखे यावेच लागतात, आणि म्हणून ही अभ्यासकाच्या हातातली फुकटची तपासणी आहे. ते जुळले नाहीत, तर बहुधा तिन्ही पायऱ्यांत माणसंच सारखी नाहीत. माहितीचे प्रश्न काही आयांनी टाळलेले असतात. पहिल्या पायरीत 800 जणी होत्या, तिसरीत संगणकानं गुपचूप 730 घेतलेल्या असतात. दुसरंही कारण असू शकतं. उंचीऐवजी ‘वाढ खुंटली की नाही’ असं हो-नाही उत्तर घेतलं की हिशेबाची जातच बदलते आणि गुणाकार-वजाबाकीची ही जुळणी मोडते. तिथे ‘दोन-तृतीयांश परिणाम माहितीमुळे’ असं वाक्य लिहिणाऱ्याकडे जरा संशयानं पाहावं.

या पायऱ्या जगभर घरोघर पोचल्या त्या 1986 मध्ये. रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्या एका लेखात नीट मांडल्या, आणि आजवर एक लाखाहून अधिक संशोधनांनी त्या लेखाचा हवाला दिला आहे. त्यांच्या कृतीतला एक भाग मात्र आता मागे पडला. शिक्षण ‘ठळक’ ठरत होतं, माहिती घातल्यावर ठळक राहिलं नाही, म्हणजे दुवा सापडला, असा निवाडा तेव्हा सर्रास होई. पण लहान नमुन्यात काहीच ठळक दिसत नाही! शंभर आयांच्या पाहणीत 0.10 हा आकडा धुक्यात हरवला, याचा अर्थ ती वाट बंद आहे असा होत नाही. म्हणून आता सरळ प्रश्न विचारतात तो गुणाकाराबद्दल: हा 0.20 खरा किती भरवशाचा?

त्याचं उत्तर शोधायची हल्लीची रीत गमतीची आहे. 800 आयांच्या 800 चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आहेत असं समजा. एक चिठ्ठी काढायची, नोंद करायची आणि पुन्हा डब्यात टाकायची. असं 800 वेळा. काही आया दोनदा-तीनदा येतील, तिघींतली एक तरी मुळीच येणार नाही. या नव्या यादीवर तिन्ही पायऱ्या पुन्हा करून गुणाकार काढायचा. मग सगळा खेळ पुन्हा, असा 5000 वेळा. संगणकाला याला काही सेकंद लागतात. हाती आलेले 5000 गुणाकार चढत्या क्रमानं मांडायचे, खालचे 125 आणि वरचे 125 बाजूला काढायचे. उरलेले समजा 0.12 ते 0.29 यांच्यात बसले आणि शून्य त्या पट्ट्यात आलं नाही, तर माहितीच्या वाटेनं काहीतरी नक्की वाहतंय असं म्हणता येतं. या पद्धतीला बूटस्ट्रॅप म्हणतात. तिच्याआधी मायकेल सोबेल यांचं 1982 सालचं सूत्र चाले. पण दोन अनिश्चित आकड्यांचा गुणाकार एका बाजूला कललेला असतो आणि ते सूत्र त्याला समतोल धरून चालतं.

असा हिशेब खऱ्या सर्वेक्षणावर 1991 साली प्रसिद्ध झाला. डंकन थॉमस, जॉन स्ट्रॉस आणि मारिया-हेलेना हेन्रिक्स या तिघांनी ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या 1986 च्या सर्वेक्षणातल्या आया आणि त्यांच्या मुलांच्या उंच्या घेतल्या. मधला दुवा म्हणून त्यांनी पाहिलं ते अगदी रोजचं: आई वर्तमानपत्र वाचते का, टीव्ही बघते का, रेडिओ ऐकते का. हे तीन प्रश्न हिशेबात घातल्यावर आईच्या शिक्षणाचा उंचीवरचा जवळजवळ सगळा परिणाम त्यांनीच उचलला. म्हणजे शाळेत शिकवलेल्या धड्यांपेक्षा शाळा सुटल्यावर कानावर आणि डोळ्यांवर येणारी माहिती मोठी ठरली.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, झालं की मग. इथेच खरी अडचण सुरू होते.

तिसरं चल हिशेबात घातल्यावर पहिल्या दोघांचा संबंध विरला, एवढंच आकडे सांगतात. ते तिसरं चल त्या दोघांच्या मधे उभं होतं की दोघांच्या मागे, हे आकडे सांगत नाहीत. कोलंबिया विद्यापीठातल्या पॅट्रिशिया केंडल आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी 1950 मध्येच हे बजावून ठेवलं होतं: दोन्हींचं गणित एकच, फरक फक्त काळाच्या क्रमाचा. तिसरी गोष्ट पहिलीनंतर घडली असेल तर ती दुवा. ती दोघींच्या आधीच घडलेली असेल, तर पहिली आणि दुसरी यांचं नातं मुळात पोकळ. दोघी तिसरीच्या मागून आलेल्या.

मराठी वाचकाला हा फरक समजायला माहेर आणि सासर हे दोन शब्द पुरतात. पैसा हे चल घ्या. माहेरी पैसा होता म्हणून मुलगी बारावीपर्यंत शिकली. लहानपणी पोटभर जेवली म्हणून स्वतः उंच झाली. त्या सगळ्याचा फायदा पुढे तिच्या मुलाच्या उंचीला मिळाला. इथे पैसा दोघांच्या मागे उभा आहे आणि शाळेला उगाच श्रेय मिळतंय. आता दुसरी गोष्ट. मुलगी शिकली म्हणून तिला नोकरीवाल्याचं स्थळ आलं, पक्कं घर, नळ आणि संडास असलेलं सासर मिळालं, आणि त्यामुळे नातवंडांची वाढ चांगली झाली. इथे पैसा बरोबर मधे आहे. तो शिक्षणाचाच परिणाम पुढे नेतोय.

सर्वेक्षणाची ताई मात्र आज, या घरात, समोर दिसतं तेच लिहिते. भिंती कशाच्या, फ्रीज आहे का, दुचाकी आहे का. ही सासरची नोंद झाली. माहेरच्या भिंतींबद्दल सहसा कोणी विचारत नाही. मग सासरचा पैसा हिशेबात घातला आणि शिक्षणाचा परिणाम निम्मा झाला, तर त्या निम्म्याचं काय करायचं? एक अभ्यासक म्हणेल, ‘शिक्षणाचा परिणाम पैशाच्या वाटेनं जातो.’ दुसरा म्हणेल, ‘शिक्षणाचा परिणाम आपण समजत होतो त्याच्या निम्माच आहे.’ दोघांच्या समोर एकच तक्ता.

हा वाद कागदोपत्री झालेला आहे. सोनलदे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी 1998 मध्ये 22 विकसनशील देशांची सर्वेक्षणं तपासली. नवऱ्याचं शिक्षण, घरातला नळ आणि संडास, आणि कुटुंब कुठल्या वस्तीत राहतं, एवढं लक्षात घेतल्यावर अर्भकमृत्यू आणि मुलांची उंची यांच्यावरचा आईच्या शिक्षणाचा परिणाम पुष्कळच ओसरला. मोजक्याच देशांत तो ठळक राहिला. लसीकरणावरचा परिणाम मात्र सुमारे निम्म्या देशांत टिकला. शिकलेल्या बाया बऱ्या वस्तीत राहतात आणि आरोग्यकेंद्र बऱ्या वस्तीजवळ असतं, हे त्यांच्या शंकेचं सार. त्यात तथ्य आहे. पण ती बरी वस्ती तिला शिक्षणामुळेच लाभली असेल, तर आपण शिक्षणाचाच परिणाम हातानं पुसून टाकला, हेही तितकंच खरं.

दुसरी अडचण उलट्या दिशेची. आपल्या काल्पनिक तालुक्यात माहिती वाढली की उंची वाढते असं आपण गृहीत धरलं. पण ज्या आईचं मूल वर्षातून चारदा आजारी पडतं, ती चारदा दवाखान्यात जाते, नर्सबाईंचं ऐकते आणि जुलाबावर काय करायचं ते पक्कं शिकते. माहिती जास्त, मूल खुजं. एकाच भेटीत सगळे प्रश्न विचारणाऱ्या पाहणीला आधी काय घडलं हे ओळखता येत नाही. मोरोक्कोतल्या 1990-91 च्या सर्वेक्षणावर काम करताना पॉल ग्लेवी यांनी नेमका हा धोका धरला. आईची आरोग्यविषयक माहिती थेट हिशेबात घालण्याऐवजी तिच्यातला फक्त तेवढाच भाग त्यांनी वापरला, जो मुलाच्या आजारपणाशिवायच्या कारणांनी आलेला होता, जसं की घरात माहिती पोचवणारी साधनं असणं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष ब्राझीलच्या जवळ जाणारा होता: आरोग्याची माहिती हाच कळीचा दुवा, आणि ती मोरोक्कोच्या शाळांत शिकवली जात नव्हती. शाळेत लिहा-वाचायला शिकलेल्या मुली ती नंतर बाहेरून मिळवत होत्या.

दुवा मोजण्यात कसर राहिली तरी उत्तर बिघडतं, आणि तेही ठरावीक दिशेनं. दहा प्रश्नांऐवजी दोनच विचारले, त्यातला एक सगळ्यांनाच येतो, तर माहितीचा वाटा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि उरलेलं श्रेय ‘थेट शिक्षणाला’ जातं. अशा अहवालात ‘थेट परिणाम’ वाचला की त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘आम्ही नीट न मोजलेले दुवे’ एवढाच असतो.

कधी दोन वाटा एकमेकींविरुद्ध वाहतात. शिकलेली आई नोकरीला जाते, बाळाला अंगावर पाजणं लवकर सुटतं. या वाटेनं शिक्षण नुकसान करतं, माहितीच्या वाटेनं फायदा. दोन्ही सारख्या जोराच्या असतील तर एकूण संबंध शून्य दिसेल आणि पहिल्या पायरीवरच अभ्यासक फाइल बंद करील. बॅरन-केनींच्या कृतीतली ‘आधी एकूण संबंध दिसलाच पाहिजे’ ही अट पुढे अनेकांनी सोडून दिली, ती यामुळेच.

मग भरवसा कशावर? दुव्यालाच हात घालून पाहणं, हा एक मार्ग. शाळेत न गेलेल्या बायांपर्यंत माहिती आणि चर्चा पोचवली, शिक्षणाला स्पर्शही केला नाही, तर काय होतं? झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासीबहुल भागात ‘एकजूट’ या संस्थेनं 2005 ते 2008 मध्ये जवळपास हेच केलं. 36 गावसमूहांपैकी निम्म्यांची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली आणि तिथे बायांचे गट महिन्यातून एकदा बसू लागले. गट चालवणारी स्थानिक बाई गोष्टी आणि चित्रं दाखवी. बाळंतपणातल्या अडचणी बायांनीच बोलून काढायच्या, उपायही त्यांनीच ठरवायचे. तीन वर्षांत त्या गावसमूहांतले नवजात बालकांचे मृत्यू उरलेल्यांच्या मानानं 32 टक्क्यांनी कमी राहिले. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

हे कशातून झालं, हा पुढचा प्रश्न अभ्यासकांनी स्वतःच विचारला, आणि तो पुन्हा मधल्या दुव्याचाच होता. दवाखान्यात जाण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. घरच्या बाळंतपणातली स्वच्छता मात्र सुधारली होती. हात धुण्यासारख्या साध्या गोष्टी वाढल्या होत्या. त्यामुळे बोट स्वच्छतेकडे दाखवलं गेलं, पण जपून. कोणत्या गावांत गट बसवायचा हे चिठ्ठीनं ठरलं होतं. त्या गटातून घरी गेल्यावर साबणानं हात कोणी धुवायचे, हे ज्या-त्या घरानं ठरवलं.